खोका सगळ्यात शेवटी: मातीचे मग कुरिअरने पाठवताना पॅकिंग ठरवण्याचा क्रम

पुण्यात मुंढव्याजवळ केशवनगरात कुंभारांची वस्ती आहे. त्या भागातल्या एका छोट्या स्टुडिओच्या पॅकिंगवर मी गेल्या वर्षी बरेच आठवडे काम केलं. त्यांचा नेहमीचा माल म्हणजे दोन मगांचा जोड. तक्रारही नेहमीचीच होती: ग्राहकाने खोका उघडला की एका मगाचा कान तुटलेला. दर तुटीनंतर ते बबल रॅपचा आणखी एक वेढा वाढवत होते. कुरिअरचं बिल वाढलं, तूट मात्र थांबली नाही.

त्यांच्याकडे चूक क्रमात होती. आधी बाजारातून मिळेल त्या मापाचा खोका आणायचा, त्यात वस्तू ठेवायची आणि उरलेल्या जागेत काहीतरी कोंबायचं, अशी पद्धत पडली होती. नाजूक मालाचं पॅकिंग उलट दिशेने ठरवावं लागतं: आधी वस्तूचा कमजोर भाग, मग गादीची जाडी, त्यावरून खोक्याचं माप, मग कुरिअरचा स्लॅब, म्हणजे बिलाचा वजनी टप्पा, आणि त्यानंतर पाडून बघणं. खाली त्याच जोडाचं उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे. दर आणि मापं त्या स्टुडिओची आहेत, तुमची तुम्ही घाला.

## टप्पा १: वस्तू कुठे तुटते ते आधी शोधा

मग हातात घ्या आणि त्याचे तीन भाग वेगळे बघा: कान, काठ आणि बूड. बूड सगळ्यात दणकट असतं. काठ दुसऱ्या मगावर आपटला तर टवका उडतो. कान मात्र दोनच ठिकाणी चिकटवलेला असतो आणि मगाच्या अंगाबाहेर येतो. त्यामुळे खोका त्या बाजूने पडला की अख्ख्या मगाचं वजन त्या दोन सांध्यांवर येतं.

म्हणून पहिला नियम असा की कान कशालाही टेकता कामा नये. त्याच्या दोन्ही बाजूंना कोरुगेटेड पुठ्ठ्याच्या घड्या उभ्या ठेवायच्या, आणि त्या कानापेक्षा साधारण ३ मिलिमीटर जास्त बाहेर यायला हव्यात. म्हणजे मार मगाच्या अंगावर जातो आणि कान मोकळा लोंबत राहतो. या घड्यांऐवजी वर्तमानपत्राचे बोळे चालत नाहीत. ते दबतात, मग वळतो आणि कान पुन्हा भिंतीला लागतो.

आमचा मग ८.५ सेंटिमीटर व्यासाचा, कानासकट ११.७ सेंटिमीटर रुंद, ९.५ सेंटिमीटर उंच आणि ३४० ग्रॅमचा होता. प्रत्येक मगाला ३ मिलिमीटरच्या ईपीई, म्हणजे पॉलिथिलीनच्या, फोमचा एक वेढा दिला, दोघांच्या मध्ये पुठ्ठ्याचा पडदा घातला आणि दोन्ही मग एका आतल्या खोक्यात ठेवले. बी फ्ल्यूटच्या तीन प्लाय, म्हणजे मध्ये नागमोडी थर असलेल्या सुमारे ३ मिलिमीटर जाडीच्या तीन पदरी, पुठ्ठ्यात हा आतला खोका बाहेरून १९.१ × १३.२ × ११.३ सेंटिमीटर झाला आणि भरल्यावर त्याचं वजन सुमारे ८०० ग्रॅम भरलं.

तपासा: आतला खोका बंद करून आपल्या कानाशी धरा आणि हलवा. आतून जरासाही आवाज आला तर पुढे जाऊ नका. आतला माल सैल असेल तर बाहेरची गादी कितीही चांगली असली तरी उपयोग नाही.

## टप्पा २: गादीची जाडी हिशेबाने काढा

हलकं पार्सल किती उंचीवरून पडेल असं धरायचं, याचं एक मान्य उत्तर आहे. पॅकेजिंगच्या चाचण्यांची इस्टा ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिच्या १ए या प्राथमिक चाचणीत साधारण साडेनऊ किलोंपर्यंतच्या पार्सलसाठी ७६ सेंटिमीटर उंची धरतात. माणसाने कमरेजवळ धरलेलं पार्सल हातातून सुटावं, तेवढीच ही उंची. तिथून पडलेलं पार्सल जमिनीला लागताना त्याचा वेग ताशी सुमारे १४ किलोमीटर असतो.

हा वेग शून्यावर आणण्यासाठी मगाला जितकं अंतर मिळेल तितका धक्का सौम्य. धक्का मोजतात जी मध्ये, म्हणजे वस्तूच्या वजनाच्या किती पट जोर तिच्यावर आला. ६० जी चा धक्का म्हणजे ३४० ग्रॅमच्या मगावर क्षणभर २० किलोंहून जास्त भार.

फोम पूर्ण जाडीइतका कधीच दबत नाही आणि दबताना सारखा जोरही देत नाही. त्यामुळे चांगल्या फोमसाठी ढोबळ सूत्र असं वापरतात:

```
गादीची जाडी = ३ × पडण्याची उंची ÷ सोसणारा जी
```

७६ सेंटिमीटरसाठी ४ सेंटिमीटर गादीवर मगाला सुमारे ५७ जी लागतात, ३ सेंटिमीटरवर ७६ आणि २ सेंटिमीटरवर ११४. तुमचा मग नेमका किती सोसतो हे प्रयोगशाळेतल्या शॉक मशीनशिवाय कळत नाही. मी सुरुवातीला ६० ते ८० च्या मध्ये धरते, म्हणजे ३ ते ४ सेंटिमीटर. हा आकडा सुरुवात करण्यापुरता. खरा निकाल टप्पा ५ मध्ये लागतो.

## टप्पा ३: गादी जास्त घालणं हीसुद्धा चूक

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात, म्हणून जरा थांबते. खोक्याच्या सहाही बाजूंना फोमची अख्खी शीट लावली की माल सुरक्षित झाला असं वाटतं. फोम दबला तरच तो काम करतो आणि तो दाबायला वजन लागतं. आमच्या आतल्या खोक्याचं बूड सुमारे २५२ चौरस सेंटिमीटर आणि वजन ८०० ग्रॅम. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर जेमतेम ३ ग्रॅम. नेहमीचा ईपीई फोम याच्या दहापट भाराला नीट दबतो. एवढ्या हलक्या भाराला तो जवळजवळ लाकडी फळीसारखा वागतो आणि धक्का तसाच आत जाऊ देतो.

त्यामुळे हलक्या मालाला फोम फक्त कोपऱ्यांवर द्यायचा. आठ कोपऱ्यांना आठ तुकडे, प्रत्येक तुकडा तिन्ही बाजूंना वळलेला. ३ सेंटिमीटर जाडीला ४ × ४ सेंटिमीटरचे तुकडे घेतले की एका बाजूखाली चार तुकड्यांचे मिळून ६४ चौरस सेंटिमीटर येतात आणि भार १२ ग्रॅमच्या वर जातो. आदर्श नाही, पण चौपट बरा.

तुकडे याहून लहान का करू नयेत? कारण उंच आणि अरुंद तुकडा दबण्याऐवजी आडवा वाकतो. तुकड्याची रुंदी जाडीच्या किमान १.३३ पट ठेवा. ३ सेंटिमीटरला ४, अडीच सेंटिमीटरला साडेतीन.

सावधान: कागदाच्या कात्रणावर माल तरंगता ठेवू नका. टेम्पोच्या हादऱ्यांनी कात्रण खाली बसतं आणि दोन दिवसांत जड खोका तळाला टेकलेला असतो. बबल रॅप वेढा म्हणून ठीक. गादी म्हणून वापरलात तर कोपऱ्यावरचे बुडबुडे पहिल्या आपटीत फुटतात आणि दुसऱ्या आपटीला तिथे काही उरत नाही.

## टप्पा ४: आता खोक्याचं माप, आणि लगेच स्लॅब

कुरिअर कंपन्या खरं वजन आणि जागेचं वजन यांतलं जे जास्त त्याचे पैसे घेतात. जागेचं वजन म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटिमीटरमध्ये, भागिले बहुधा ५०००. तुमच्या करारात भाजक कोणता आहे ते वाचून घ्या. कमी भाजक म्हणजे जास्त बिल. स्लॅब सहसा अर्ध्या किलोचे असतात.

आमचं पार्सल काट्यावर एक किलोच्या आसपास होतं, पण बिल कधीच त्यावर लागलं नाही. बाहेरचा खोकाही बी फ्ल्यूटचा. त्याच्या भिंतींसाठी लांबी-रुंदीत प्रत्येकी ६ मिलिमीटर आणि उंचीत, वरखाली दुहेरी झाकणं येत असल्याने, १२ मिलिमीटर धरले. मग गणित असं बसलं:

२ सेंटिमीटर गादी: २३.७ × १७.८ × १६.५, म्हणजे १.३९ किलो, स्लॅब दीड किलोचा.
३ सेंटिमीटर गादी: २५.७ × १९.८ × १८.५, म्हणजे १.८८ किलो, स्लॅब दोन किलोंचा.
४ सेंटिमीटर गादी: २७.७ × २१.८ × २०.५, म्हणजे २.४८ किलो, स्लॅब अडीच किलोंचा.

गादी एक सेंटिमीटरने जाड केली की फोमचे दोन-चार रुपये वाढतात, पण स्लॅब एक पायरी चढतो. आमच्या दराने ही पायरी २० रुपयांची होती. गादीचा खरा खर्च फोमच्या दुकानात दिसत नाही, तो कुरिअरच्या बिलात येतो.

म्हणून मी स्लॅबची सीमा आधी काढते. दीड किलोच्या स्लॅबमध्ये ७५०० घन सेंटिमीटर बसतात. त्यात जास्तीत जास्त किती गादी मावेल? गादी कापण्याआधी आतल्या खोक्यातली जागा सोडवली. बी फ्ल्यूटऐवजी दीड मिलिमीटरचा ई फ्ल्यूट घेतला, कारण आतल्या खोक्याला रचून ठेवण्याचा भार घ्यायचा नसतो. मगाचा वेढा ३ ऐवजी २ मिलिमीटरचा केला. आतला खोका १८.३ × १२.७ × १०.५ झाला. अडीच सेंटिमीटर गादी देऊन बाहेरचं माप २३.९ × १८.३ × १६.७ आलं. म्हणजे ७३०४ घन सेंटिमीटर, १.४६ किलो. दीडच्या आत.

सावधान: हा आकडा सीमेला चिकटून आहे. खोका वरून अर्धा सेंटिमीटर फुगला, उंची १७.२ झाली, की ७५२० च्या वर जातो आणि दोन किलोंचं बिल लागतं. जास्त कोंबलेला खोका फुगतोच. काही कंपन्या प्रत्येक माप पुढच्या पूर्ण सेंटिमीटरला नेतात. तसं असेल तर १८.३ चे १९ होतात आणि हे माप बाद. तेव्हा बॉक्सवाल्याला ऑर्डर देण्याआधी कुरिअरला हे विचारून घ्या.

खोका बनवून घेताना फ्ल्यूटच्या नळ्या उभ्या भिंतींत वरून खाली जाणाऱ्या ठेवायला सांगा. आडव्या असतील तर वर चार पार्सलं रचताच खोका बसतो. पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो आणि नरम पडतो. जून ते सप्टेंबरसाठी बाहेरचा खोका पाच प्लाय घ्यायचा असेल तर माप नव्याने काढा, कारण भिंती जाड होतात आणि वरचं गणित पुन्हा सीमा ओलांडू शकतं.

## टप्पा ५: पाडून बघा, पण ठरलेल्या क्रमाने

घरी करता येईल अशी ही चाचणी आहे. लागतं काय? फरशी, शहाबादी किंवा सिमेंटची, गालिचा नको. भिंतीवर ७६ सेंटिमीटरची चिकटपट्टी. फोनवर व्हिडिओ घेणारा एक माणूस. आणि तपासून घेतलेले सेकंडचे मग, रंगात दोष असलेले चालतील, आधीच तडा असलेले चालणार नाहीत.

प्रयोगशाळेत पाडण्याआधी पार्सल थरथरत्या टेबलावर ठेवतात. आपल्याकडे ते नाही. म्हणून पार्सल दोन दिवस ओळखीच्या टेम्पोच्या हौद्यात सुटं फिरू द्या. मगच पाडा. न हादरवता पाडलेलं पार्सल नेहमी जास्त चांगलं वागतं, कारण आतलं भरण अजून बसलेलं नसतं.

खोक्यावर बाजूंचे आकडे मार्करने लिहा. लहान टोक आपल्याकडे करा आणि खोक्याचा चिकटवलेला सांधा आपल्या उजव्या हाताला येऊ द्या. वरची बाजू १, उजवी २, खालची ३, डावी ४, समोरची ५, पलीकडची ६. सांध्याचा खालचा कोपरा म्हणजे २, ३ आणि ५ यांची भेट. हा खोक्याचा सगळ्यात कमजोर कोपरा.

दहा वेळा पाडायचं. पहिल्यांदा तो कमजोर कोपरा. मग त्याच कोपऱ्यातून निघणाऱ्या तीन कडा: आधी सगळ्यात आखूड, मग मधली, मग लांब. त्यानंतर सहा बाजू सपाट: आधी दोन्ही लहान, मग दोन्ही मधल्या, शेवटी दोन्ही मोठ्या. मध्ये खोका उघडायचा नाही, चिकटपट्टी पुन्हा लावायची नाही.

आम्ही आणखी एक गोष्ट केली. कुंभाराकडे ओली माती असतेच. आतल्या खोक्याच्या प्रत्येक बाजूवर मध्यभागी एक सेंटिमीटर उंचीचा मातीचा शंकू चिकटवला. आपटीत गादी फार दबून बाहेरची भिंत जवळ आली की शंकू चपटा होतो. शेवटी उघडल्यावर कोणत्या बाजूला गादी संपत आली होती ते सरळ दिसतं. माती सुकायच्या आत चाचणी उरका.

सावधान: सपाट पाडणं वाटतं तितकं सोपं नाही. हात एका बाजूने आधी सुटला की खोका कडेवर पडतो आणि धक्का कमी लागतो. व्हिडिओ हळू करून बघा. तिरका पडला असेल तर ती बाजू बाद धरा आणि नव्या नमुन्यावर पुन्हा सुरुवात करा. त्याच खोक्याला अकराव्यांदा पाडलंत तर निकालाला अर्थ राहत नाही.

## टप्पा ६: उघडल्यावर काय बघायचं

अखंड दिसणारा मग शाबूत असेलच असं नाही. मग दोन बोटांत कानाने लटकवून नखाने टिचकी मारा. चांगला मग खणखणीत वाजतो. केसासारखा तडा असेल तर आवाज बद्द येतो. पाडण्याआधीही हीच टिचकी मारून ठेवा, म्हणजे तुलना करता येते. शंका असेल तर पाण्यात शाई घालून रात्रभर मगात ठेवा. तड्याची रेघ उमटते.

तूट कुठे झाली यावरून कारण कळतं. कान सांध्यापाशी तुटला असेल तर कान भिंतीला लागला होता. दोन मगांच्या समोरासमोरच्या काठांना टवके असतील तर मधला पडदा सरकला. बुडाला चांदणीसारखा तडा आणि त्या बाजूचा शंकू चपटा असेल तर गादी कमी पडली. शंकू जसाच्या तसा असूनही तडा असेल तर गादी फार कडक आहे, तुकडे १.३३ पटीच्या मर्यादेत लहान करा किंवा मऊ फोम घ्या. हे शेवटचं कारण लोकांना सुचत नाही आणि ते गादी वाढवून दुखणं वाढवतात.

आमच्या अडीच सेंटिमीटरच्या रचनेचे पाच नमुने पाडले. चार ठीक. पाचव्यातला एक मग दिसायला अखंड, पण बद्द वाजला. शंकू सगळे उभे होते. उघडून बघितलं तर कानाच्या एका बाजूची पुठ्ठ्याची घडी आखूड कापली गेली होती, मग त्यात वळला आणि कान टेकला. घडी कापायला लाकडी साचा करून घेतला, दुसरं काहीही बदललं नाही, आणि नवे पाच नमुने पाडले. पाचही खणखणीत निघाले. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

## टप्पा ७: पैशांचा हिशेब तुटीसकट

पॅकिंग स्वस्त की महाग, हे एका खोक्याच्या किमतीवरून ठरत नाही. आमचे आकडे असे होते. जुनी रचना, २ सेंटिमीटर जागा, बबल रॅप आणि कात्रण: सामान ३८ रुपये, कुरिअर ९५, एकूण १३३. तीन सेंटिमीटरची रचना: सामान ५८, कुरिअर ११५, एकूण १७३. अडीच सेंटिमीटरची: सामान ५४, कुरिअर ९५, एकूण १४९.

एक ऑर्डर तुटली तर जोड पुन्हा पाठवावा लागतो, कारण एका भट्टीतल्या दोन मगांचा रंग जुळतो, सुटा मग जुळत नाही. जोड बनवायचा खर्च ३८० रुपये, शिवाय पॅकिंग आणि कुरिअर पुन्हा. म्हणजे अडीच सेंटिमीटरच्या रचनेत एका तुटीचे सुमारे ५३० रुपये, तीनच्या रचनेत सुमारे ५५०.

आता भागाकार करा. तीन सेंटिमीटरची रचना जुनीपेक्षा ४० रुपयांनी महाग. ४० भागिले ५५०, म्हणजे तिने शंभरात किमान ७ ते ८ तुटी वाचवल्या तरच ती परवडते. अडीचची रचना १६ रुपयांनी महाग, तिला शंभरात ३ तुटी वाचवल्या की पुरे. स्टुडिओने आधीच्या तीन महिन्यांची वही काढली, तेव्हा शंभरात ६ जोड तुटले होते. तीनची रचना तूट शून्यावर आणली असती तरी तोट्यात गेली असती. अडीचची निवडली.

वस्तू महाग असेल तर उत्तर बदलतं. तोच जोड हजार रुपयांचा असता तर तुटीचा खर्च दुप्पट झाला असता आणि तीन सेंटिमीटरची रचना सहज परवडली असती. त्यामुळे दुसऱ्याचं पॅकिंग जसंच्या तसं उचलू नका, हा भागाकार स्वतःचा करा. वेळ गेला, ग्राहक नाराज झाला, त्याचेही काही रुपये तुटीच्या खर्चात धरायचे असतील तर धरा, मात्र सगळ्या रचनांना सारखे धरा.

## टप्पा ८: पाठवायला लागल्यावर

चिकटपट्टी एच आकारात लावा: मधल्या फटीवर एक आणि दोन्ही टोकांच्या कडांवर एकेक, वर आणि खाली दोन्हीकडे. पट्टी प्रत्येक टोकाला किमान ५ सेंटिमीटर खाली वळू द्या. पत्त्याचं लेबल सगळ्यात मोठ्या बाजूवर वर चिकटवा. ‘नाजूक’ असं लिहिलेला स्टिकर लावायचा तर लावा, पण त्याच्या भरवशावर गादी कमी करू नका. वर्गीकरणाच्या पट्ट्यावर तो कुणी वाचत नाही.

पहिल्या पन्नास पार्सलांत एकही तुटलं नाही म्हणून गादी आणखी कापायचा मोह होतो. थांबा. शंभर ऑर्डरींत शून्य तुटी आल्या तरी खरी तूट शंभरात तीनपर्यंत असू शकते. तीनशे ऑर्डरींत शून्य आल्या तर शंभरात एकपर्यंत. आमच्या हिशेबात तीनच तुटींनी नफा-तोटा ठरत होता, म्हणून शंभर ऑर्डरींवर निर्णय घेणं धोक्याचं होतं.

वहीत प्रत्येक ऑर्डरसाठी चार रकाने ठेवा: तारीख, रचना, तुटलं का आणि कुठे, कुरिअरने लावलेला स्लॅब. चौथा रकाना विसरू नका. रोज पहिलं पार्सल बंद केल्यावर तिन्ही बाजूंना मोजपट्टी लावून फोटो काढून ठेवा. दीड किलोच्या पार्सलला दोन किलोंचं बिल आलं तर तक्रारीसोबत तो फोटो पाठवता येतो, आणि फोटोत उंची १६.७ ऐवजी १७.२ दिसली तर चूक पॅकिंगच्या टेबलावर झाली आहे हेही त्याच दिवशी कळतं.